शनिवारचं बातमीपत्र : कानासाठी लिहिताना

दर शनिवारी सकाळी आमचं ऑडिओ बातमीपत्र व्हॉट्सॲपवर जातं. त्यातला ‘आठवड्याच्या बातम्या’ हा साडेतीन मिनिटांचा भाग मी लिहिते आणि वाचतेही. मिनिटाला साधारण ११५ शब्द हा माझा वेग, म्हणजे हाताशी शब्द चारशेच. ठरलेला साचा असा: नमस्कार आणि तारीख, तीन बातम्या, निरोप.

जून २०२५चा पहिला आठवडा घ्या. ४ तारखेला बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले. ६ तारखेला, शुक्रवारी, रिझर्व्ह बँकेनं रेपो दर कमी केला आणि त्याच दिवशी जम्मू-काश्मीरमधल्या चिनाब पुलाचं उद्घाटन झालं.

रेपोची बातमी मी आधी अशी लिहिली होती: ‘पतधोरण समितीने रेपो दरात ५० आधारबिंदूंची कपात करून तो ५.५० टक्क्यांवर आणल्याने कर्जदारांना दिलासा मिळण्याची शक्यता आहे.’ छापायला ठीक, पण मोठ्यानं वाचताना ‘आणल्याने’पाशी दम लागला. जिथे दम लागतो तिथे ऐकणाराही सुटतो. मग वाक्य फोडलं: ‘रिझर्व्ह बँकेनं रेपो दर अर्धा टक्का उतरवला. सहा होता, आता साडेपाच. बँका रिझर्व्ह बँकेकडून ज्या दरानं उसने पैसे घेतात, तो हा दर. फेब्रुवारीपासूनची ही तिसरी कपात, मिळून एक टक्का. घराचं कर्ज बदलत्या व्याजाचं असेल, तर हप्ता कमी होऊ शकतो. किती आणि कधी, ते बँकेवर.’ यातलं ‘तिसरी कपात’ मला सगळ्यात मोलाचं वाटतं. नुसती बातमी लोकांनी टीव्हीवर ऐकलेलीच असते. आणि साडे, सव्वा, पावणे वापरा. दशांश चिन्ह कानाला दिसत नाही.

‘काल’ हा शब्द मी कधीच लिहीत नाही. रेकॉर्डिंग शुक्रवारी रात्री होतं, पण कुणी सोमवारीही ऐकतं. वाराचं नावच घ्यायचं.

निरोपाचं वाक्य दर वेळी तेच: ‘बरंय तर, पुढच्या शनिवारी भेटू. चहा गार होऊ देऊ नका.’ त्या आठवड्यात पहिल्या खर्ड्यात बंगळुरूची बातमी मी शेवटी ठेवली होती. आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “अगं, अकरा माणसं गेली आणि तू चहाचं काय सांगतेस?” वाक्य बदलायची गरज नव्हती, क्रम चुकला होता. बंगळुरू पहिलं घेतलं, मधे रेपो, शेवटी नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच पूल. पहिल्या बातमीनंतर कागदावर ‘थांब’ असं लिहून ठेवलं, पूर्ण दोन सेकंद. पुलानंतर चहा आला तेव्हा आई काही बोलली नाही, उठून आधण ठेवायला गेली.