किल्लीला टॅग लावला, आता त्याचं म्हणणं समजून घ्या

टॅग लावला की किल्ली कुठेही असो, फोनवर दिसेल, असं दुकानदार सांगतो. तसं होत नाही. ब्लूटूथ टॅगमध्ये जीपीएस नसतं, सिमही नसतं. तो फक्त आपला सांकेतिक क्रमांक हवेत पुटपुटत असतो. तुमचा फोन जवळ असेल तर तो ते ऐकतो, नाहीतर शेजारून जाणाऱ्या कुणा परक्याचा फोन ऐकतो आणि ठिकाण गुपचूप कळवतो. हे लक्षात ठेवलं तर पुढचं सोपं आहे.

इथे अँड्रॉइड फोन आणि गुगलच्या Find Hub या हरवलेल्या वस्तू शोधायच्या अ‍ॅपवर चालणारा टॅग गृहीत धरलाय. घेताना खोक्यावर हे नाव किंवा जुनं Find My Device हे नाव आहे का ते बघा. फक्त अ‍ॅपलच्या Find My वर चालणारा टॅग अँड्रॉइडला जोडता येत नाही, आणि दोन्ही खोकी दिसायला सारखीच असतात.

आधी फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन चालू करा. स्क्रीनला पिन किंवा पॅटर्न असायलाच हवा. टॅगच्या बॅटरीवर प्लास्टिकची पट्टी असेल तर ती ओढून काढा, फोनजवळ धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर खालून एक चौकट वर येते. त्यात Connect दाबून अटी मान्य करा. नाव देताना नुसतं ‘टॅग’ ठेवू नका, ‘स्कूटरची किल्ली’ असं ठेवा.

आता सेटिंग्जमध्ये Find Hub शोधा आणि Find your offline devices उघडा. तिथे बहुतेक वेळा With network in high-traffic areas only निवडलेलं असतं. म्हणजे गर्दीच्या जागीच, अनेक फोनांनी टॅग ऐकला तरच ठिकाण कळतं. स्वारगेट स्टँडवर ठीक आहे, पण गावाकडच्या फाट्यावर बॅग राहिली तर पंचाईत. With network in all areas निवडलं की एकट्यादुकट्या फोनाची बातमीही चालू शकते. अर्थात मग तुमचा फोनही इतरांसाठी तसाच कान देतो.

किल्लीला टॅग कडीतूनच अडकवा. चिकटपट्टीवर भरवसा नको. बॅगेत मात्र बाहेरच्या कप्प्यात ठेवू नका, चोर तो आधी फेकून देईल. अस्तराच्या आतल्या खिशात ठेवा आणि चेन लावून एकदा Play sound दाबून बघा. कपड्यांच्या घड्यांखाली आवाज दबतो, तो बाहेर येतो की नाही हे आधीच कळलेलं बरं.

आता घरात किल्ली सापडत नाहीये असं समजा. अ‍ॅपमध्ये नकाशावर घरच दिसतं, त्याचा उपयोग शून्य. ठिकाणाखाली लिहिलेली वेळ वाचा. ती तीन तासांपूर्वीची असेल, तर टॅग तेव्हा तिथे होता, एवढंच त्यातून कळतं. वेळ आत्ताची असेल तर Find nearby दाबा. स्क्रीनवरचा आकार जवळ जाल तसा भरत जातो. घाईने फिरू नका, दोन पावलं चाला, क्षणभर थांबा. आकार मागाहून बदलतो, पाय मात्र आधीच पुढे गेलेले असतात. हॉलमध्ये थोडा भरला, बेडरूममध्ये बराच भरला, पण कपाटापाशी अडकला, तर लोखंडी कपाटाच्या आत बघा. पत्रा हे संकेत अडवतो, म्हणून दार उघडल्याबरोबर आकार एकदम भरतो. पाण्याने भरलेली टाकी आणि माणसाचं अंगही असंच करतं; फोन छातीशी धरून पाठ वळवलीत तर तुम्हीच आड येता.

कधी उलट घडतं: अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय, अशी सूचना येते. लगेच घाबरू नका, पण सूचना झटकूनही टाकू नका. ती उघडली की टॅग तुमच्यासोबत कुठून कुठे आला तो रस्ता नकाशावर दिसतो. तो रस्ता फक्त आजच्या बसचा असेल, तर मागच्या सीटवरच्या कुणाचं तरी सामान असू शकतं. पण बस, ऑफिस आणि घर तिन्ही असतील, तर बॅग रिकामी करा. सूचनेतूनच आवाज वाजवता येतो, मालकाला ते कळत नाही. टॅग सापडला की फोनच्या पाठीला टेकवा. त्याची माहिती दिसते, कधी मालकाच्या नंबरचे शेवटचे आकडेही. स्क्रीनशॉट काढा, मगच बॅटरी काढा. पोलिसांकडे जायची वेळ आली तर ते चित्र लागतं.

बहुतेकदा मात्र बायकोची किल्ली नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीत गेलेली असते. मालकिणीचा फोन घरी, टॅग ऑफिसात, म्हणून नवऱ्याचा फोन ओरडतो. अ‍ॅपमधून टॅग घरच्यांशी शेअर करून ठेवला की हा गोंधळ थांबतो.