पिवळ्या पडलेल्या लग्नाच्या फोटोत शालूचा रंग परत कसा आणावा, चेहरे न बिघडवता

फोटो ६०० डीपीआयवर, १६ बिट टिफमध्ये स्कॅन करा आणि स्कॅनरची आपोआप रंग सुधारण्याची सोय बंद ठेवा. पुढचं सगळं मी जिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये करतो.

उदाहरणाला १९७९ सालचा, सदाशिव पेठेतल्या कार्यालयातला ग्रुप फोटो घेऊ. शालू जांभळा, काठ हिरवे. फोटोत मात्र शालू किरमिजी आणि काठ मातकट पिवळे. त्या काळच्या बऱ्याच कागदांवरचा सायन, म्हणजे हिरवट निळा रंग, बंद अल्बममध्येही सगळ्यांत आधी उडतो. वर कागद पिवळा पडतो तो वेगळाच.

आधी पिवळेपणा काढा. Levels मध्ये Blue निवडून उजवा स्लायडर फोटोच्या पांढऱ्या कडेवर Color Picker निळ्याचा जो आकडा दाखवतो तिथपर्यंत आणा. मग Red मध्ये डावा स्लायडर केस काळे दिसेपर्यंत सरकवा.

पांढरं धोतर किंवा टोपी 'शुद्ध पांढरी' म्हणून निवडायचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. त्या कपड्यांना नीळ दिलेली असायची. तो निळसरपणा काढायला गेलात की मांडवातले सगळे चेहरे पिवळे होतात.

आता खरी मेख. Saturation वाढवलं की शालू जेमतेम उजळतो आणि काका लोक नारिंगी होतात. म्हणून त्वचा आधी, पूर्ण फोटोवर, Curves ने जुळवून घ्या. गव्हाळ गालावर Color Picker ठेवला की लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, मग निळा, आणि HSV मधला Hue साधारण १५ ते ३० हवा. नवरीचा गाल प्रमाण धरू नका, तिला हळद लागलेली असते. मागच्या रांगेतला एखादा मामा बरा.

चेहरे जमले की लेयरची प्रत काढा, तिला काळा Layer Mask द्या आणि फक्त शालूवर पांढरा ब्रश फिरवा. मग मास्कवरून प्रतिमेवर परत या आणि Curves मध्ये Red खाली ओढा. वरून जांभळा रंग फासू नका. सायन उडाल्यामुळे कापड फिकटही झालेलं असतं. लाल कमी केला की रंग आणि गडदपणा दोन्ही परत येतात, चुण्याही जिवंत राहतात. किती ओढायचं? शालू अजून कपाटात असेल तर त्याची आतली, उजेड न लागलेली घडी उलगडून बघा.

शालूवरची जरी हिरवट दिसू लागली तर तुमचा मास्क तिच्यावर गेलाय, तेवढा पुसा. हनुवटीखाली शालूची किंचित झाक पडते, ती मात्र राहू द्या.

फक्त लाल चॅनल उघडून पाहिल्यावर शालूच्या चुण्या दिसतच नसतील, तर तिथे ओढायला काही उरलेलं नाही. तेवढ्याच जागी HSL Color मोडच्या वेगळ्या लेयरवर रंग भरावा लागतो.