स्क्रीनचा फोटो एआयला नीट वाचता यावा म्हणून

लॅपटॉपवर एरर आली की बरेच जण मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढतात आणि एआय मॉडेलला पाठवून देतात. वाक्यं बहुतेक वेळा बरोबर वाचली जातात, गडबड होते ती कोडमध्ये. विंडोजच्या `0x80070005` चा अर्थ 'परवानगी नाकारली'. शेवटच्या `5` वर नेमका फोटोत उमटणारा एखादा पट्टा आला आणि त्याची खालची उघडी बाजू मिटली, की तो `0x80070006` दिसतो आणि उत्तर भलत्याच बिघाडाचं येतं. शब्द अर्धवट दिसला तरी मागच्यापुढच्या मजकुरावरून ओळखता येतो. आकड्याला तो आधार नसतो, तरीही मॉडेल बरेचदा 'दिसत नाही' न म्हणता ठोकून देतं.

त्यामुळे आधी स्क्रीनशॉटच घ्या. विंडोजवर `Win+Shift+S`, मॅकवर `Cmd+Shift+4`. विंडोजच्या साध्या एरर-चौकटीवर `Ctrl+C` दाबलं तर बरेचदा आतला मजकूरच कॉपी होतो, मग चित्राची गरजच नाही.

निळी स्क्रीन आली असेल किंवा लॅपटॉपला इंटरनेटच नसेल, तर मात्र फोटोला पर्याय नाही. अशा वेळी फ्लॅश बंद करा. ट्यूबलाइट किंवा खिडकी तुमच्या पाठीशी नको. चकाकी जिथे पडते तिथली अक्षरं पांढऱ्यात बुडतात आणि नंतर कितीही एडिट केलं तरी परत येत नाहीत. मोबाइलमध्ये बघत बघत लॅपटॉपचं झाकण मागेपुढे करा आणि चकाकी मजकुरावरून सरकली की थांबा.

पट्टे दोन प्रकारचे असतात आणि त्यांचे उपायही वेगळे. रंगीत, नागमोडी पट्टे स्क्रीनच्या पिक्सेलची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींवर आल्याने उमटतात, एकावर एक धरलेल्या दोन मच्छरदाण्यांसारखे. थोडं मागे सरका, २x झूम करा, मोबाइल किंचित तिरका धरा. पट्टे लगेच बदलतात, फिके होतील ती जागा पकडा.

रुंद, काळपट पट्ट्यांचं कारण वेगळं. ब्राइटनेस कमी असताना बऱ्याच स्क्रीनचा प्रकाश भराभर चालू-बंद होत असतो. डोळ्याला ते कळत नाही, पण मोबाइलचा सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे काही ओळी अंधाऱ्या येतात. ब्राइटनेस पूर्ण वाढवा. तरीही पट्टे राहिले, तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा त्याहून संथ ठेवा आणि हात टेकवून फोटो घ्या. आता अक्षरं फटफटीत दिसत असतील, तर मजकुरावर बोट ठेवून एक्स्पोजर खाली ओढा.

पाठवण्याआधी एररपुरताच भाग क्रॉप करा. मोठा फोटो मॉडेलपर्यंत जाताना बहुधा लहान केला जातो आणि बारीक अक्षरं तिथेच गळतात. व्हॉट्सॲपवरून फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचा असेल, तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

उपाय विचारण्याआधी मॉडेलला मजकूर जसाच्या तसा टाइप करायला सांगा, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाकायला सांगा. एरर स्क्रीनवर आहे तोवर कोड एकेक आकडा ताडून बघा. चुकला असेल तर दुसरा फोटो काढत बसू नका, ती दहा अक्षरं सरळ हाताने टाइप करा.