उन्हानं खांदे भाजले, कातडी सोलायला लागली? या चुका टाळा

मे महिन्यात पार्क मैदानावर सकाळी दहा ते दुपारी तीन बिनबाह्यांच्या बनियनमध्ये क्रिकेट खेळलेल्या पोराचं उदाहरण घ्या. संध्याकाळपर्यंत ठीक असतं. रात्री खांद्याला चादरही लागू देत नाही, सकाळी दुखणं दुप्पट. उन्हाचं भाजणं असंच उशिरा वर येतं आणि साधारण पहिल्या दिवसभरात वाढत जातं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघा: गरम, ताणलेली, दुखरी लागली की भाजलंय.

पहिली चूक बर्फाची. बर्फ थेट घासला तर आधीच दुखावलेल्या कातडीला आणखी इजा होते. दुसरी, नळ सोडून त्याखाली उभं राहणं. सोलापुरात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका देतं! सकाळी भरून सावलीत ठेवलेलं पाणी घ्या, त्यात सुती पंचा भिजवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि दिवसातून चार-पाच वेळा हेच करा. अंग टिपून ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचं जेल लावा. तूप, खोबरेल, टूथपेस्ट नको. लिंबू तर मुळीच नको, कारण लिंबाचा रस लागलेली कातडी उन्हात आणखी भाजते. दुखणं फार असेल तर पॅरासिटामॉल, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेतच. भरपूर पाणी प्या.

तीन-चार दिवसांनी पापुद्रे सुटायला लागतात आणि बोटं शिवशिवतात. ओढू नका. कडेची जिवंत कातडी सोबत निघते आणि तिथं जखम होते. लोंबणारा तुकडा स्वच्छ कात्रीनं कापा, बाकी आपोआप गळतं.

फोड आले तर भाजणं खोलवर गेलंय. फोडावरची कातडी हीच त्याची पट्टी, म्हणून सुईनं टोचायचा मोह आवरा. आपोआप फुटला तर साबण-पाण्यानं हळूच धुवा, वरची कातडी तशीच राहू द्या, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन न चिकटणारी पट्टी बांधा.

एक-दोन लहान फोड घरी सांभाळता येतात. पाठभर फोड, चेहऱ्यावर किंवा हातांवर फोड, ताप, थंडी वाजणं, उलट्या किंवा दोन दिवसांनंतरही कमी न होणारी वेदना असेल तर डॉक्टरांकडे जा. पू, पसरत जाणारी लाली किंवा वाढती सूज ही जंतुसंसर्गाची चिन्हं. वर्षाखालच्या बाळाला भाजलं असेल तर वाट बघूच नका. माणूस बरळू लागला, गोंधळला किंवा चक्कर येऊन पडला तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत नेऊन अंग ओलं करा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

तपासायला जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. डॉक्सीसायक्लिनसारख्या काही औषधांमुळे थोड्याशा उन्हातही कातडी भाजते, आणि दुकानातून आणलेल्या गोळ्या सांगायच्याच राहून जातात.