वयवारीची गणितं: फोटोतल्या पानावरून समीकरण कसं मांडायचं

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या शिकवणीत नववी-दहावीची मुलं रात्री पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, "सर, हे समीकरण सुटत नाही." समीकरण सोडवता सगळ्यांना येतं. अडतं ते वाक्यावरून समीकरण मांडताना, म्हणून मी त्याच भागावर वेळ घालवणार आहे.

आधी फोटो. पान सपाट दाबून घ्या, शिवणीकडची बाजू पूर्ण आली पाहिजे. मग गणित वहीत शब्दशः उतरवून घ्या, स्क्रीनवर बघत सोडवू नका.

समजा पानावर असं आहे: "4 वर्षांपूर्वी आईचे वय मुलीच्या वयाच्या पाचपट होते. 14 वर्षांनंतर ते मुलीच्या वयाच्या दुप्पट होईल. तर दोघींची आजची वये काढा."

मुलीचं आजचं वय x, आईचं y. यातलं "आजचं" हे लिहूनच टाका.

आता खरा अवघड टप्पा. "पूर्वी म्हणजे वजा, नंतर म्हणजे अधिक" एवढं सांगून बरेच जण मोकळे होतात. हा सल्ला अर्धवट आहे, कारण वजा कुणाच्या वयातून करायचं हे तो सांगत नाही. मुलं मग फक्त मुलीच्या वयातून 4 वजा करतात आणि y = 5(x − 4) लिहितात. चार वर्षांपूर्वी आईसुद्धा चार वर्षांनी लहान होती! म्हणून समीकरणाला हात लावण्याआधी हा तक्ता काढायचाच:

| | 4 वर्षांपूर्वी | आज | 14 वर्षांनंतर |
|---|---|---|---|
| मुलगी | x − 4 | x | x + 14 |
| आई | y − 4 | y | y + 14 |

तक्ता भरताना "पट" या शब्दाकडे बघायचंही नाही. तो भरून झाला की वाक्य पुन्हा वाचा आणि क्रियापद शोधा. "होते" असेल तर पहिला रकाना, "आहे" असेल तर मधला, "होईल" किंवा "असेल" असेल तर शेवटचा. फोटोत "पूर्वी" पुसट आलं असलं तरी "होते" वाचता येतं, आणि तेवढ्यावर रकाना ठरतो.

मग "पट". "मुलीच्या वयाच्या पाचपट" यात पाचनं गुणायचं ते मुलीच्या वयाला. पाचपटीच्या आधी "च्या" ज्याला लागलंय, त्याचा रकान्यातला पूर्ण मजकूर कंसात घ्या:

y − 4 = 5(x − 4)

कंस विसरून 5x − 4 लिहिलंत, तर मुलीचं आजचं वय पाचपट करून त्यातून चार वर्षं काढली असा अर्थ होतो, आणि ते गणितात कुठेच दिलेलं नाही. मुलं तोंडी हिशेब करायला गेली की हा कंस हमखास गळतो, म्हणून मी तो वहीत आधी रिकामा काढायला लावतो आणि नंतर भरायला. दुसरं वाक्य त्याच रीतीनं:

y + 14 = 2(x + 14)

एका शब्दाला मात्र जपा. वाक्यात "मुलीच्या आजच्या वयाच्या तिप्पट" असं आलं, तर मुलीसाठी मधला रकाना घ्यायचा आणि आईसाठी वाक्यात सांगितलेला. तसंच "14 वर्षांनंतर दोघींच्या वयांची बेरीज" असं असेल, तर आजच्या बेरजेत 28 मिळवायचे, कारण दोघींचं वय वाढलं.

सोडवणं सोपं आहे: पहिल्यावरून y = 5x − 16, दुसऱ्यावरून y = 2x + 14, म्हणून 3x = 30. मुलगी 10 वर्षांची, आई 34 वर्षांची.

पडताळा समीकरणात घालून घेऊ नका. समीकरणच चुकलेलं असेल तर तिथे सगळं जुळून येतं. उत्तर तक्त्यात भरा आणि पुस्तकातलं मूळ वाक्य वाचा: तेव्हा 6 आणि 30, पाचपट. नंतर 24 आणि 48, दुप्पट. तिन्ही रकान्यांत दोघींच्या वयातला फरक 24 च आहे. हा फरक बदलला, तर कुणाचं तरी वय सरकवायचं राहिलंय.

उत्तरच विचित्र आलं तर ते बहुतेक वेळा चुकीची जागा दाखवतं. पाचनं चुकून आईच्या वयाला गुणलं, तर याच गणितात मुलगी −6 वर्षांची आणि आई 2 वर्षांची येते; ऋण वय दिसलं की "पट" उलटी पडली का ते आधी बघा. अपूर्णांक आला तर पहिला संशय कंसावर घ्या आणि दुसरा फोटोवर. शिवणीत 14 मधला 1 गेला आणि तुम्ही 4 वाचलंत, तर मुलीचं वय 20/3 येतं. तेव्हा समीकरण खोडत बसू नका, पानाचा फोटो परत काढा.