कॉफीच्या कपाची जाहिरात: मागचं धूसर, लोगो मात्र स्पष्ट

फोटोग्राफरला नुसतं ‘बॅकग्राउंड ब्लर हवं’ असं कळवलं, तर बऱ्याचदा f/1.8 वर काढलेला फोटो येतो आणि कपावरचा लोगोच अर्धा धूसर निघतो. ब्रीफमध्ये आकडे लिहा:

१. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, कपापासून १ मीटर. ३५ मिमीने जवळ जाऊन काढलात तर कपाचा आकार ताणल्यासारखा दिसतो आणि मागचा पसाराही फ्रेममध्ये शिरतो.

२. अॅपर्चर f/4, फोकस लोगोच्या मध्यावर. इथे साधारण ३ सेंमी खोली स्पष्ट येते; f/1.8 वर जेमतेम दीड. कप गोल असल्याने ५ सेंमी रुंद लोगोच्या कडा मध्यापेक्षा जवळजवळ १ सेंमी मागे असतात, आणि दीड सेंमीतली साधारण निम्मीच खोली फोकसच्या मागे मिळते, म्हणून ती पुरत नाही.

३. ‘मागची भिंत कपापासून किमान दीड मीटर लांब’ हे तर आवर्जून लिहा. f/4 वरही मागचं धूसर होतं ते या अंतरामुळेच.

फोटो १०० टक्के झूम करून लोगोची पहिली आणि शेवटची अक्षरं तपासा. धूसर वाटली तर f/5.6 करा.