त्रिकोणी लोडचा कॅन्टिलिव्हर सोडवायला बसताना (C1, C2 शून्य टाकायच्या आधी हे वाचा)

मागच्या सेमला क्लास टेस्टचा पेपर परत मिळाला तेव्हा या प्रश्नाला दहापैकी तीन होते. मोमेंट बरोबर, इंटिग्रेशन बरोबर, स्लोपचं उत्तर तर अगदी मागे छापलेल्या उत्तराशी जुळणारं, आणि तरी सरांनी एका ओळीभोवती लाल पेनने गोल करून बाजूला लिहिलं होतं, "भिंतीला वरून कोणी धरलंय?" ओळ होती C1 = C2 = 0. परत कोणी हा गाढवपणा करू नये म्हणून लिहितोय, मुख्यतः मीच परत करू नये म्हणून.

पेन, कॅल्क्युलेटर वगैरे सांगत नाही. आधी आकृती. प्रश्नात दिलेली असली तरी स्वतःच्या हाताने काढा. मी इथे पाण्याच्या टाकीची भिंत घेतोय कारण त्रिकोणी लोड खरा तिथेच भेटतो: ३ मीटर उंच, वरून उघडी, खाली बेस स्लॅबमध्ये पक्की, काठोकाठ पाणी. भिंत लांबलचक आहे असं धरा, म्हणजे कोपऱ्यांचा आधार विसरता येतो आणि मधली १ मीटर रुंदीची पट्टी साधा उभा कॅन्टिलिव्हर म्हणून सोडवता येते. पाण्याचा दाब वर शून्य आणि खाली ९.८१ गुणिले ३, म्हणजे २९.४३ किलोन्यूटन प्रति मीटर. हा आपला w0.

आता x कुठून मोजायचा? पाण्याच्या पातळीपासून खाली, म्हणजे फ्री एंडपासून. खोली x असेल तर लोड सरळ w0·x/L होतो आणि रिअ‍ॅक्शन काढायची गरजच पडत नाही. सगळे असंच करतात, मीही केलं, त्यात काही चुकीचं नाही. पण x तिकडून मोजलात की फिक्स्ड एंड x = 0 ला उरत नाही, तो x = L ला जातो. हे आकृतीवर लिहा. मनात नाही, आकृतीवर, दोन्ही टोकांना: वर x = 0 फ्री, खाली x = L फिक्स्ड.

मग मोमेंट. सेक्शनच्या वरचा लोडचा त्रिकोण घ्यायचा, त्याची उंची x आणि पाया w0·x/L, पाया w0 नाही (अर्धा वर्ग इथे घसरतो). त्याचा सेंट्रॉइड सेक्शनपासून x/3 वर, कारण त्रिकोणाची जाड बाजू सेक्शनकडे आहे. 2x/3 लिहिलंत तर टोकदार बाजूकडून मोजलंत.

```
M(x) = (1/2) · x · (w0·x/L) · (x/3) = w0·x³/(6L)
```

x = L टाकून बघा, w0·L²/6 आलं पाहिजे, आपल्या भिंतीला ४४.१ किलोन्यूटन-मीटर. नाही आलं तर पुढे जाऊ नका, पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

चिन्हाचं एकदाच ठरवा. मी y बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाणी ढकलतंय त्या दिशेला पॉझिटिव्ह धरतो. मग खाली y शून्य, वर सगळ्यात जास्त, आणि या वळणाला EI·y'' = +w0·x³/(6L) येतं. तुमच्या सरांची पद्धत वेगळी असेल तर ती वापरा, फक्त अर्ध्यात बदलू नका.

आता थांबा. इंटिग्रेशनला हात लावायच्या आधी बाउंडरी कंडिशन लिहा. आधी. मी नंतर लिहायला ठेवल्या होत्या, आणि दोनदा इंटिग्रेट करून झाल्यावर डोकं इतकं खूश होतं की हाताने सवयीने "x = 0 ला y = 0, y' = 0" लिहून टाकलं, कारण आदल्या दिवशी पॉइंट लोडचं जे उदाहरण पाठ केलं होतं त्यात x फिक्स्ड एंडपासून होता. म्हणून कोऱ्या जागेत, चौकट करून:

```
x = L  →  y' = 0
x = L  →  y  = 0
```

दोन्ही x = L ला. फ्री एंडला y बद्दल काहीच माहीत नसतं, तेच तर शोधायचंय! आता करा इंटिग्रेट:

```
EI·y' = w0·x⁴/(24L) + C1               C1 = -w0·L³/24
EI·y  = w0·x⁵/(120L) - w0·L³·x/24 + C2   C2 = w0·L⁴/30
```

C2 कसा आला ते करून बघा: x = L टाकलं की 1/120 वजा 5/120, म्हणजे उणे 4/120, ते रद्द करायला C2 हवा अधिक 4/120, म्हणजे 1/30. आणि आता मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट. वरच्या टोकाला x = 0 टाकलं की x असलेली सगळी पदं उडतात, उरतात फक्त C1 आणि C2. म्हणजे टोकाचा स्लोप हाच C1/EI, टोकाचं डिफ्लेक्शन हेच C2/EI. ते कॉन्स्टंट म्हणजेच उत्तर आहे, आणि मी पहिल्या फटक्यात ते दोन्ही शून्य करून मोकळा झालो होतो.

मग तरी स्लोप बरोबर कसा आला? हे नीट वाचा, कारण यानेच मला फसवलं. कॉन्स्टंट शून्य टाकल्यावर x = 0 ला सगळं शून्य येतंय बघून मी म्हटलं "टोक म्हणजे x = L असणार" आणि तिथली किंमत काढली. स्लोप आला w0·L³/(24EI), आकडा बरोब्बर. तो येणारच होता, कारण भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत स्लोप एकूण किती बदलतो ते मोमेंटवर ठरतं, तुम्ही कुठलं टोक शून्य धरलंत त्यावर नाही. फक्त चिन्ह उलटं होतं, ते मी "दिशेचं असेल" म्हणून सोडून दिलं. डिफ्लेक्शन मात्र आलं w0·L⁴/(120EI), खऱ्याच्या बरोबर एक चतुर्थांश. मी सोडवली होती वरून पकडलेली आणि खाली मोकळी भिंत, मोमेंट मात्र खालून पकडलेल्या भिंतीचे. भिंत वाकते ती मुख्यतः तळाजवळ, मोमेंट x च्या घनाने वाढतो म्हणून. खरी भिंत तिथे वाकली की वरचा अख्खा भाग काठीसारखा बाहेर झुकतो, मोठा हात मिळतो. माझ्या उलट्या भिंतीत मोकळं टोक वाकण्याच्या जागेला चिकटूनच, हात छोटा, म्हणून डिफ्लेक्शन फुसकं. आकड्यात हे हात अनुक्रमे 4L/5 आणि L/5 आहेत, तोच चौपटीचा फरक.

यातूनच तपासणी मिळते, ती कराच: टोकाचं डिफ्लेक्शन भागिले टोकाचा स्लोप, चिन्ह सोडून. 1/30 ला 1/24 ने भागलं की 4/5 येतं, म्हणजे आपल्या भिंतीला २.४ मीटर यायला हवं. ०.६ मीटर आलं तर तुम्ही फिक्स्ड एंड चुकीच्या टोकाला धरलाय, दुसरं कुठलं कारण शोधत बसू नका, वर जाऊन ती चौकट बघा. आहे का चौकट? तेच.

"मग x फिक्स्ड एंडपासूनच मोजतो, कॉन्स्टंट आपोआप शून्य होतील" असं म्हणणाऱ्यांसाठी (माझा रूममेट): नेहमी होत नाहीत. तिकडून मोजलं की मोमेंट w0·(L-x)³/(6L) येतो, आणि कंस न फोडता इंटिग्रेट केलात तर y' मध्ये -(L-x)⁴ चं पद येतं, जे x = 0 ला शून्य नसतं, तिथे L⁴ उरतं. मग C1 शून्य कसा होईल? कंस पूर्ण फोडून x च्या घातांमध्ये लिहिलंत तरच शून्य होतो. थोडक्यात, कुठूनही मोजा, कॉन्स्टंट शून्य आहे हे गृहीत धरायचं नाही, किंमत टाकून काढायचं. फिक्स्ड एंडचा x टाकून. फिक्स्ड एंडचा!

आकडे पटकन. जाडी ३०० मिमी, काँक्रीट एम ३०. E ला आयएस ४५६ चं ५००० गुणिले वर्गमूळ ३०, साधारण २७,३८६ न्यूटन प्रति चौरस मिमी. I म्हणजे १००० × ३००³ / १२, २.२५ × १०⁹ मिमी⁴. EI सरळ किलोन्यूटन-चौरस मीटरमध्ये करून घ्या, सुमारे ६१,६१९, नाहीतर मिमी आणि मीटरच्या खिचडीत हजारपटीने चुकाल. मग:

```
slope      = 29.43 × 27 / (24 × 61619) ≈ 0.000537 rad
deflection = 29.43 × 81 / (30 × 61619) ≈ 0.00129 m = 1.29 mm
```

भागाकार २.४ येतो, बघा करून. माझं टेस्टमधलं गणित इथे लावलं असतं तर ०.३२ मिमी आलं असतं, आणि ऐकायला तेही पटलं असतं, तीच तर अडचण आहे. दोन्ही आकडे इतके बारीक की नुसतं बघून कळत नाही.

उलटा त्रिकोण आला (फिक्स्ड एंडला शून्य, फ्री एंडला w0) तर नव्याने मोमेंट मांडत बसू नका, पूर्ण यूडीएलमधून आपला त्रिकोण वजा करा: स्लोप 1/6 - 1/24 = 1/8, डिफ्लेक्शन 1/8 - 1/30 = 11/120. प्रश्नात कुठला त्रिकोण आहे ते वाचून घ्या म्हणजे झालं.

शेवटचं, तोंडी परीक्षेत विचारतात म्हणून. १.२९ मिमी हे भिंत न तडकता, पाणी भरल्याबरोबरचं. तळाला ताण म्हणजे मोमेंट ४४.१ × १०⁶ भागिले सेक्शन मॉड्युलस १५ × १०⁶, म्हणजे २.९४ न्यूटन प्रति चौरस मिमी, आणि काँक्रीटला तडा जायची मर्यादा ०.७ गुणिले वर्गमूळ ३० म्हणजे ३.८३, त्याखाली आहे म्हणून अख्खा I चालला. हीच भिंत २०० मिमीची असती तर ताण ६.६ झाला असता, तडे जाणार, I कमी होणार, खरं डिफ्लेक्शन सूत्रापेक्षा जास्त. वर्षानुवर्षं भरलेल्या टाकीत क्रीपने आणखी वाढतं, ते या सूत्रात नाही. बेस स्लॅब स्वतः जरा फिरला तर x = L ला y' शून्यही राहत नाही. पण पेपरात तो शून्यच, आणि x = L लाच.